पुलअप्स निघतात पण मल्लखांबावर पाय टिकत नाहीत: नवशिक्याला नेमकं काय लागतं?

प्रश्न: मी 29 वर्षांचा आहे, चार वर्षं जिम करतोय, दहा-बारा पुलअप्स आरामात निघतात. मागच्या महिन्यात घराजवळच्या व्यायामशाळेत मल्लखांब ट्राय केला तर साधी अढीसुद्धा जमेना, पाय लावले की घसरत खाली. बाजूला दहा वर्षांची मुलं सटासट वर जात होती. नक्की कुठली ताकद लागते, लवचिकता किती हवी, आणि स्पर्धेत मार्क कशाचे देतात?

उत्तर:

तुमच्यासारखे जिमवाले दर बॅचला एक-दोन येतातच आणि पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं हेच होतं, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. गडबड अशी आहे की तुमची ताकद आहे पुलअपच्या दांड्याची, तो मुठीत मावतो. मल्लखांब मुठीत मावतच नाही. पुरलेल्या मल्लखांबाचा बुंध्याजवळचा घेर साधारण 55 सेंमी असतो, म्हणजे दोन्ही तळहात लावले तरी बोटं एकमेकांना भेटत नाहीत. वर वर तो निमुळता होत जातो, बोंडाच्या खालची मान तेवढी नीट पकडता येईल इतकी बारीक असते, पण नवशिक्या तिथवर पोचणार कधी. त्यामुळे खाली हात ‘पकडत’ नाहीत, दाबतात आणि मिठी मारतात, आणि शरीराचं खरं वजन पेलायचं काम असतं मांड्यांचं. पुलअप्सचा फायदा होतो, नाही असं नाही, पण तो नंतर, दसरंग म्हणजे उलट्यानेच खांब चढणं करायला लागलात की. आत्ता नाही.

याचं कारण खांबाच्या जन्मातच आहे. बाळंभटदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात हा प्रकार पुन्हा रुजवला तो कुस्तीगिरांसाठी, जोडीदार नसताना डावपेचांचा सराव करता यावा म्हणून. म्हणून त्याला डोकं आहे (बोंड), मान आहे, अंग आहे. समोर माणूस उभा आहे असं धरून त्याला मांडीत आवळायचं, बगलेत घ्यायचं, त्याच्या अंगावरून फिरायचं. पकडींची नावंसुद्धा बघा, अढी, तेढी, बगली. मुठीचा खेळ म्हणाल तर तो दोरीच्या मल्लखांबाचा, आणि तिथेही पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोरी चिमटीत धरायची असते, ते दुखणं वेगळंच. तुम्ही पुरलेल्यावर सुरुवात केली आहे तर मी त्याबद्दलच बोलतो, टांगता आणि दोरी आत्ता डोक्यातून काढून टाका.

आता साधी अढी. तुमची घसरते म्हणालात ना, ती बहुतेक कुठे घसरते ते सांगतो.

खांबासमोर उभं राहायचं, दोन्ही हातांनी खांब धरायचा, एक हात वर एक खाली, खांब एका बगलेच्या बाजूला घ्यायचा. मग खांदे मागे टाकत कंबर वर उचलायची आणि दोन्ही पाय डोक्यावरून खांबाकडे न्यायचे, खांब दोन्ही मांड्यांच्या मधे आला की मांड्या आवळायच्या आणि घोटे एकमेकांत अडकवायचे. आता तुम्ही उलटे आहात, डोकं खाली, पाय वर. मांड्यांनी धरलंय याची खात्री झाली की एक हात सोडायचा, मग दुसरा. लिहायला दोन ओळी लागल्या, शिकायला दोन-तीन आठवडे ते दोन-तीन महिने काहीही लागू शकतं, वजनावर आणि वयावर आहे.

जिमवाले इथे काय करतात, हातांच्या जोरावर अंग वर ओढतात. कंबर खांबापासून लांबच राहते, पाय वर जातात पण खांबाला लागतात ते गुडघे किंवा पोटऱ्या. गुडघ्याने खांब धरला की घसरणारच, तिथे मांस नाही, हाड आहे. खांब लागला पाहिजे मांडीच्या आतल्या बाजूला, जितका वर तितका चांगला, जांघेच्या जवळ. आणि तो तिथे लागायचा असेल तर कंबर हातांच्या उंचीच्याही वर गेली पाहिजे. म्हणजे ओढायची ताकद नाही, पोटाची ताकद आणि खांदे मागे टाकायची हिंमत. उलटं होताना माणूस हनुवटी छातीला लावून खांब बघायला जातो, घाबरून, त्याने पाठ गोल होते आणि कंबर खालीच राहते. डोकं मागे सोडून द्या, समोरची भिंत उलटी दिसली पाहिजे.

पुढच्या वेळी ही अढी कुणाला तरी मोबाईलवर शूट करायला सांगा, बाजूने. घोटे अडकवल्यानंतर पहिल्या सेकंदात काय होतंय ते बघा. टाचा आधी खाली येत असतील तर गुडघे वाकताहेत, म्हणजे मांडीऐवजी पोटऱ्यांनी धरलंय. टाचा जागेवर आणि अख्खं अंग हळूहळू सरकत असेल तर पकडीची जागा बरोबर आहे, आतल्या मांडीचा जोर कमी पडतोय. आणि जोर आहे, जागा पण बरोबर आहे तरी सर्रकन खाली येताय तर कपडे बघा. ट्रॅकपँट घालून अढी होत नाही. मुलं जांगा किंवा लंगोट घालून का करतात, मुली लिओटार्ड का घालतात, तर उघडी कातडीच पकड देते. लाज वाटत असेल तर आखूड शॉर्ट्सवर सुरुवात करा, पण मांडी उघडी हवी.

तेलाचंही असंच आहे. खांबाला एरंडेल लावतात हे ऐकून सगळे विचारतात की मग तर आणखी घसरेल. लावलेलं तेल खांबात मुरवायचं असतं, पृष्ठभाग गुळगुळीत राहावा आणि कातडी सोलली जाऊ नये एवढ्यासाठी. बोट फिरवलं तर ओलं लागता कामा नये. तेल जास्त झालं की सरकतो, अगदी कोरडा झाला की मांडीची साल निघते, आणि पावसाळ्यात घाम आणि दमट हवा मिळून रोज वेगळाच खांब असतो, त्यासाठी राळेची पूड असते. राळ थोडीच वापरा, आणि सरांना विचारून. नवी मुलं राळ थापून अढी टिकवतात आणि मग फिरक्या करायची वेळ आली की अंग खांबाला चिकटून बसतं.

ताकदीचं माझं माप सांगतो, हे पुस्तकातलं नाही, मी नवीन मोठ्या माणसाला बॅचमध्ये घेताना बघतो ते. पाठीवर झोपा, पाय गुडघ्यात सरळ ठेवून जमिनीपासून वीतभर वर घ्या, मांड्यांच्या मधे फुटबॉल धरा आणि पूर्ण जोराने आवळा. तीस सेकंद. जिमवाल्यांचे पाय दहा-पंधरा सेकंदांत थरथरायला लागतात कारण स्क्वॉट, लेगप्रेस यात आतल्या मांडीला असं काम कधी मिळतच नाही. दुसरं, दांड्याला लटकून गुडघे छातीला लावायचे, झोका न घेता, सहा वेळा. तिसरं, लटकूनच सरळ पाय कंबरेच्या उंचीला आणून पाच सेकंद थांबवायचे. ही तीन जमत असतील तर अढीसाठी ताकद पुरेशी आहे, बाकी काम खांबावरच होतं. जमत नसतील तर महिनाभर आठवड्यातून तीनदा हेच करा, जोडीला जोर-बैठका. जोर मुद्दाम सांगतोय, बेंचप्रेस त्याची जागा घेत नाही, जोर मारताना खांदा आणि पाठीचा कणा एकत्र वाकतात आणि मल्लखांबावर नेमकं तेच लागतं.

वजनाबद्दल खरं बोलायचं तर हा भाग जिमवाल्यांना आवडत नाही. दहा वर्षांचं पोर पंचवीस-तीस किलोचं असतं, त्याच्या मांडीची पकड आणि त्याचं वजन याचं गणित सोपं आहे. तुम्ही 80 किलोचे असाल आणि त्यातलं बरंचसं छाती-दंडावर असेल, तर उलटं झाल्यावर ते सगळं पकडीच्या खाली लोंबकळतं. जमणार नाही असं नाही, वेळ जास्त लागेल एवढंच.

लवचिकतेत तीन जागा बघायच्या. मांडीचा मागचा भाग, खांदे, आणि पाठ. बसून पाय सरळ ठेवून बोटं पायाच्या अंगठ्यांना लागली पाहिजेत, गुडघे न उचलता, हे पश्चिमोत्तानासन सगळ्यांना माहीत आहे. हे नसेल तर उलटं जाताना गुडघे आपोआप वाकतात, तुम्ही कितीही ठरवा. खांद्यांसाठी, पाठीमागे हात गुंतवून सरळ कोपराने वर उचला, पुढे न वाकता. खांब पाठीमागे धरायच्या पकडी खूप आहेत आणि बेंचप्रेसवाल्यांचे खांदे पुढे आवळलेले असतात, त्यांचे हात मागे वीतभरसुद्धा उचलत नाहीत. हा खांदा जबरदस्तीने मागे नेला की पुढच्या बाजूला आत बारीक टोचतं, टोचलं की तिथेच थांबायचं, त्यावर आणखी सराव केला की तीन महिने घरी. पाठीसाठी धनुरासन आणि मग चक्रासन, चक्रासनात कोपर सरळ होत नसतील तर पाठीपेक्षा खांदाच अडतोय असं समजा. स्प्लिट वगैरे आत्ता विसरा, रीलमधल्या मुलींचं बघून लोक पहिल्या दिवशी स्प्लिट मारायला जातात. साध्या अढीला स्प्लिट लागत नाही.

स्ट्रेचिंग सरावाच्या शेवटी, अंग तापलेलं असताना. सुरुवातीला सूर्यनमस्कार आणि थोडं पळणं बास. वयाच्या तिशीत रोज दहा मिनिटं करणाऱ्याला साधारण तीन-चार महिन्यांत फरक दिसतो. रविवारी एकदाच तासभर ताणणाऱ्याला दिसत नाही.

आता मार्कांचं. इथे लोकांचा समज असतो की अवघड काही केलं की मार्क. अर्धं खरं आहे.

स्पर्धेत खेळाडू ‘संच’ सादर करतो, म्हणजे खांबावर चढल्यापासून खाली उतरेपर्यंतची सलग साखळी, आणि वेळ बांधलेला असतो, मोठ्या स्पर्धांत साधारण दीड मिनिट. काही फेऱ्यांत ठरवून दिलेला संच सगळ्यांनी करायचा, काहींत आपला आपण बसवायचा. गुण 10 पैकी. आपण बसवलेल्या संचात अवघडपणाच्या अ, ब, क अशा पायऱ्या मोजतात, वेगवेगळे प्रकार आलेत का ते बघतात (नुसत्या अढ्याच अढ्या चालत नाहीत, आसनं, फिरक्या, ताजवे, झापा असं यावं लागतं), आणि मग सादरीकरण, तिथे पंच वजा करत जातात. पाच पंच असतील तर सर्वात जास्त आणि सर्वात कमी काढून मधल्यांची सरासरी घ्यायची पद्धत सर्रास आहे. नेमके आकडे फेडरेशन अधूनमधून बदलते, तर स्पर्धेत उतरणार असाल तर त्या वर्षीचं नियमपत्रक आयोजकांकडून घ्या, चार वर्षांपूर्वीच्या झेरॉक्सवर जाऊ नका.

वजा कसं होतं ते नवशिक्याला कळावं म्हणून मी बॅचमध्ये दर दोन महिन्यांनी छोटी परीक्षा घेतो. संच पाच गोष्टींचा: साधी उडी मारून चढणं, अढी, एक दसरंग, वरच्या अढीत हात जोडून सलामी, आणि उतरणं. 10 वरून सुरू करून फक्त कापायचं, छोट्या चुकीला 0.1, मधलीला 0.2, मोठीला 0.3. हा माझा वर्गातला हिशेब आहे, फेडरेशनचा नाही. दसरंग नेमका कसा करतात ते सांगायचं राहिलं, अढीत उलटे असताना हातांची पकड घेऊन वजन हातांवर पेलायचं, पाय सोडायचे आणि पुन्हा वरच्या जागी अढी मारायची, म्हणजे उलट्यानेच खांब चढणं. इथे तुमचे पुलअप्स कामाला येतात.

तुमच्याच वयाचा, तुमच्याच बांध्याचा एकजण मागच्या परीक्षेत होता. उडी पहिल्या प्रयत्नात फसली, खाली आला, पुन्हा मारली, 0.3 गेले. दुसऱ्या वेळी पाय वर जाताना गुडघे वाकले, 0.2. अढीत पुन्हा गुडघे वाकलेले, 0.2, पायाचे चवडे ताणलेले नाहीत, 0.1, हात सोडल्यावर अंग डुललं, 0.1. दसरंगात हाताची पकड बदलायला मधेच थांबला, लय तुटली, 0.3, आणि वरच्या अढीत पाय लागल्यावर तळहातभर सरकून खाली आला, 0.2. सलामी दोन सेकंद टिकली नाही, 0.2. उतरताना पाय वेगवेगळे पडले 0.1 आणि एक पाऊल मागे गेलं 0.1. झाले एकूण 1.8, उरले 8.2.

यातले कशाने गेले ते वेगळं करून बघा. पकडीच्या कमजोरीने गेले 0.8, म्हणजे फसलेली उडी, मधे थांबणं आणि सरकणं. गुडघे आणि चवडे मिळून 0.5, हे निव्वळ आखडलेपणाचे आणि सवयीचे. बाकीचे 0.5 घाईचे, डुलणं, सलामी सोडणं, उतरताना लटपटणं. दंडाच्या ताकदीचा यात एकही दशांश नाही, त्याचे दंड पिळदार आहेत. आणि शेजारी जी अकरा वर्षांची मुलगी होती, जिला दोन पुलअप्स निघत नाहीत, तिचे फक्त 0.4 गेले कारण तिचे पाय जमिनीवर असल्यापासून उतरेपर्यंत चवड्यापर्यंत सरळ होते.

अर्थात खऱ्या स्पर्धेत याला 8.2 कुणी देणार नाही, कारण अवघडपणाचे गुण या संचात जवळजवळ नाहीतच. तिथे पोटावर तोल सांभाळणारी आसनं, हातावरचे ताजवे, हात सोडून पुन्हा पकडायच्या झापा लागतात, आणि एक नाही, साखळीने. पण पंचाची नजर हीच असते. पंच म्हणून बसल्यावर मी आधी पाय बघतो, अवघडपणाचं नंतर. सरळ पायांनी केलेला सोपा प्रकार बघायला बरा वाटतो आणि वाकड्या पायांचा अवघड प्रकार बघताना पेन्सिल आपोआप चालते, त्यामुळे मी नवख्याला कधीही पुढच्या प्रकारावर घाईने नेत नाही, आधीचा सरळ पायांनी होईपर्यंत. काही सर याच्या उलट करतात, मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून भराभर प्रकार शिकवतात, आणि मग वाकलेला गुडघा काढता काढता दोन वर्षं जातात.

पडण्याबद्दल. अढीतून माणूस बहुतेक वेळा धाडकन पडत नाही, सरकत येतो, आणि सरकायला लागलं की हात ताबडतोब खांबाला. धोका असतो तो घाईने दोन्ही हात एकदम सोडण्यात. म्हणून पहिले काही आठवडे शेजारी कुणीतरी खांद्याला आणि मानेला आधार देऊन उभं असलंच पाहिजे, खाली मॅट, आणि मॅट आहे म्हणून एकट्याने उलटं व्हायचं नाही. मांडीच्या आत लालसरपणा, थोडं खरचटणं हे ठरलेलं, दोन-तीन आठवड्यांत कातडी सरावते, साल निघाली तर भरेपर्यंत पायाची पकड बंद. हाताला मुंग्या येणं, मानेतून कळ जाणं हे ठरलेलं नाही, तेव्हा थांबा आणि डॉक्टरला दाखवा. बीपी असेल, डोळ्यांचा दाब वाढलेला असेल तर उलटं होण्याआधीच डॉक्टरला विचारा, मोठ्या माणसांना मी हे पहिल्याच दिवशी विचारतो आणि बरेच जण सांगत नाहीत.

तुमच्यासाठी पुढचे दोन महिने मी असं करेन. आठवड्यातून तीन दिवस व्यायामशाळा, पंधरा-वीस मिनिटं अंग तापवायला सूर्यनमस्कार आणि जोर, मग अढी, पण दिवसात दहा-बाराच. त्यापलीकडे मांडीची पकड थकते आणि मग चुकीच्या जागी धरायची सवय लागते, जी सोडवायला मला जास्त त्रास. सुरुवातीला हात सोडायचेच नाहीत, फक्त पाय वर नेऊन मांडी बरोबर जागी लावायची आणि मनात पाच मोजून खाली यायचं. पाच मोजताना टाचा हलल्या नाहीत असं तीन-चार वेळा झालं की एक हात. दोन्ही हात सोडून पाच मोजता आले, गुडघे सरळ, की दसरंग. जिमला जायचं असेल तर उरलेल्या दिवशी जा, पण छातीचे सेट निम्मे करा, आणि खांद्याचं स्ट्रेचिंग त्याच दिवशी.

स्पर्धेचं विचारलंत म्हणून, बहुतेक स्पर्धा वयोगटांच्या असतात, 12, 14, 16, 18 खालच्या, तुमच्या वयाला खुला गट. त्यात लहानपणापासून खेळणारे असतात, त्यामुळे तिकडे इतक्यात बघू नका. काही संस्था स्वतःच्या वर्गापुरत्या हौशी मोठ्यांसाठी छोट्या स्पर्धा घेतात, तुमच्या सरांना विचारा. आणि अढीचा व्हिडिओ काढाल तर बाजूने काढा, समोरून काढला की गुडघा दिसत नाही.